ऋण फीडबॅक : एकसर जोडणी आणि समांतर जोडणी

आपल्या संस्थेच्या जलशात किंवा शाळेच्या संमेलनात माइक कर्ण्याच्या समोर आला की कानठळ्या बसविणारी शीळ निघते आणि ध्वनिक्षेपकवाला धावत जाऊन आवाजाचे बटण खाली करतो. या शिळेला सर्वजण 'फीडबॅक' म्हणतात. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यातून निघतो, आणि हे चक्र स्वतःच स्वतःला फुगवीत जाते. हा झाला धन फीडबॅक. या लेखात ज्याचा विचार करावयाचा आहे तो याचा उलटा भाऊ, म्हणजे ऋण फीडबॅक. तो कानाला ऐकू येत नाही. तो ॲम्प्लिफायरच्या पेटीच्या आतच असतो, आणि तो नसता तर वक्त्याच्या तोंडचे 'स', 'श' आणि 'फ' शेवटच्या रांगेपर्यंत ओळखू येण्यासारखे पोचले नसते.

या कल्पनेचा जन्म टेलिफोनच्या तारेवर झाला. दूरच्या टेलिफोनसाठी वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर ठेवावे लागत. प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा बिघडे आणि शेवटी सर्व बिघाडांची बेरीज होई. अमेरिकेतील बेल कंपनीचे एक तरुण अभियंते हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, कामावर जाताना हडसन नदीच्या नावेत, यावरचा उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेवला. आपल्याकडे त्याच्या दहाच दिवस आधी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. ब्लॅक यांचा उपाय पेटंट कचेरीला इतका विचित्र वाटला की पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडले. विचित्र वाटण्यासारखेच होते ते. ॲम्प्लिफायरने कष्टाने वाढविलेल्या आवाजाचा काही भाग मागे आणून मूळ आवाजातून वजा करावयाचा, म्हणजे हातचे वर्धन मुद्दाम फेकून द्यावयाचे! ते फेकून देऊन मोबदल्यात काय मिळते, हे आता हिशेबाने पाहू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, वडील मंडळींनी आकडे वगळून वाचले तरी धागा सुटणार नाही.

एक साधा ॲम्प्लिफायर डोळ्यांसमोर आणा. त्याचे वर्धन १००० आहे, म्हणजे १ मिलिव्होल्ट आत दिल्यास १ व्होल्ट बाहेर पडतो. त्याचा इनपुट रोध १० किलोओहम, आउटपुट रोध २ किलोओहम आणि बँडविड्थ २ किलोहर्ट्झ. बँडविड्थ म्हणजे किती उंच स्वरापर्यंत त्याचे वर्धन टिकते ती मर्यादा. २ किलोहर्ट्झची मर्यादा बोलण्यालाही अपुरी, कारण 'स' आणि 'श' यांची सळसळ याच्या बरीच वर असते. आता याच्या आउटपुटवर दोन रोध एकापुढे एक जोडू : २५,८०० ओहम आणि त्याखाली ५०० ओहम. खालच्या रोधावर आउटपुटच्या सुमारे ०.०१९ पट व्होल्टेज मिळेल. हा अंश β मानू. हे छोटे व्होल्टेज आपण माइकच्या व्होल्टेजशी एकसर, पण विरुद्ध दिशेने जोडतो. दिशा विरुद्ध ठेवण्यासाठी ॲम्प्लिफायर सिग्नल न उलटविणारा हवा. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोघांची वजाबाकी तेवढी पोचते. सर्व हिशेब एका गुणकात मावतो :

1 + Aβ = 1 + 1000 × 0.019 = 20

वर्धन १००० वरून २० पटीने घटून ५० झाले. १९ हा आकडा म्हणजे फेऱ्याचे वर्धन, म्हणजे सिग्नल ॲम्प्लिफायरमधून जाऊन फीडबॅकच्या वाटेने परत येईपर्यंत किती पट होतो ते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे सारे त्याच्यावरच चालते.

आता इनपुट रोधाचे काय होते? माइकने १० मिलिव्होल्ट दिले असे समजा. आउटपुटला ५० पट, म्हणजे ५०० मिलिव्होल्ट येतात. त्यांचा ०.०१९ पट भाग, म्हणजे ९.५ मिलिव्होल्ट, मागे येऊन वजा होतो. ॲम्प्लिफायरच्या खऱ्या तोंडाशी केवळ अर्धा मिलिव्होल्ट उरतो. १० किलोओहमच्या रोधातून अर्ध्या मिलिव्होल्टने ०.०५ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो, आणि माइकला तेवढाच प्रवाह द्यावा लागतो. माइकच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र दिसते ते असे : मी १० मिलिव्होल्ट लावले आणि ०.०५ मायक्रोअँपिअर गेला, तेव्हा समोरचा रोध २०० किलोओहम असला पाहिजे. आतला रोध बदललेला नाही. तो आहे तेवढाच, १० किलोओहम. पण फीडबॅकचे व्होल्टेज समोरून विरोध करीत उभे असल्याने तो वीस पट भासतो. इनपुटला एकसर जोडलेला ऋण फीडबॅक इनपुट रोध वाढवितो, त्याचे कारण एवढेच.

आउटपुटच्या बाजूला आपण व्होल्टेज मोजून परत आणीत आहोत, म्हणजे फीडबॅकची जोडणी आउटपुटशी समांतर आहे. तिथला परिणाम पाहण्यासाठी एक कल्पनेतील प्रयोग करू. माइक काढून इनपुटची दोन टोके जोडून टाका आणि आउटपुटवर बाहेरून १ व्होल्ट लादा. मागे १९ मिलिव्होल्ट येतील आणि उलट्या दिशेने ॲम्प्लिफायरमध्ये शिरतील. तो आतून उणे १९ व्होल्ट तयार करील. आता २ किलोओहमच्या आतल्या रोधाच्या एका टोकाला अधिक १ आणि दुसऱ्याला उणे १९, म्हणजे त्यावर २० व्होल्ट, आणि त्यातून १० मिलिअँपिअर. १ व्होल्ट लादला आणि १० मिलिअँपिअर ओढला गेला, म्हणजे आउटपुट रोध १०० ओहम. २ किलोओहम भागिले २०. भाराने व्होल्टेज खाली ओढले की फीडबॅक कमी होतो, तोंडाशी उरणारी वजाबाकी वाढते आणि ॲम्प्लिफायर जोर लावून व्होल्टेज पुन्हा वर उचलतो. भाराच्या दृष्टीने असे हट्टी व्होल्टेज म्हणजेच लहान आउटपुट रोध.

बँडविड्थचे कारण याहून सोपे आहे. समजा एखाद्या उंच स्वराला आतले वर्धन १००० वरून ५०० वर आले. फीडबॅक नसता तर आवाज निम्मा झाला असता. पण आता हिशेब करा : ५०० भागिले (१ + ९.५) म्हणजे सुमारे ४७.६. पन्नासावरून साडेसत्तेचाळीस, कानाला कळणारही नाही. आतले वर्धन आणखी बरेच घसरेपर्यंत बाहेरचे वर्धन टिकून राहते, आणि मर्यादा २ किलोहर्ट्झवरून ४० किलोहर्ट्झवर जाते. १००० गुणिले २ आणि ५० गुणिले ४० यांचा गुणाकार एकच येतो, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात आलेच असेल. वर्धन दिले, रुंदी घेतली. हा चोख व्यवहार मात्र आतले वर्धन एकाच ठिकाणी, एकाच धारित्रामुळे, घसरत असेल तेव्हाच असतो. पुस्तके हे बारीक अक्षरात सांगतात, आणि परीक्षेत तर कोणी सांगतच नाही.

येथवर सर्व पुस्तकी झाले. आता या ॲम्प्लिफायरला खरा माइक लावू, कारण खरी गंमत येथे आहे.

जुन्या पद्धतीचा, मोठ्या रोधाचा माइक घ्या. त्याचा स्वतःचा रोध ५० किलोओहम. फीडबॅक नसताना १० मिलिव्होल्टांपैकी ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दहा भागिले साठ, म्हणजे एक षष्ठांश, १.६७ मिलिव्होल्टच पोचत होते. फीडबॅक जोडल्यावर इनपुट रोध २०० किलोओहम भासतो, आणि ८ मिलिव्होल्ट पोचतात. फार छान. पण आता कोणी बँडविड्थ मोजली तर ४० किलोहर्ट्झ येणार नाही. ती सुमारे ८.३ किलोहर्ट्झ येईल. आउटपुट रोधही १०० ओहम न येता ४८० ओहम येईल. पुस्तकातला वीस कुठे गेला?

तो माइकच्या रोधाने खाल्ला. फीडबॅकचे व्होल्टेज माइकशी एकसर आहे. ॲम्प्लिफायरच्या १० किलोओहमपर्यंत पोचण्यासाठी त्यालाही माइकच्या ५० किलोओहममधून जावे लागते, आणि वाटेत त्याचाही एक षष्ठांशच उरतो. फेऱ्याचे वर्धन १९ वरून ३.१७ झाले, गुणक २० वरून ४.१७ झाला. २ किलोहर्ट्झ गुणिले ४.१७ म्हणजे ८.३, आणि २ किलोओहम भागिले ४.१७ म्हणजे ४८०. आकडे चोख जुळतात. त्याऐवजी ६०० ओहमचा माइक लावला, तर गुणक १८.९ राहतो, बँडविड्थ जवळजवळ ३८ किलोहर्ट्झ आणि आउटपुट रोध १०६ ओहम. पेटी तीच, बदलला तो माइक, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाचा आउटपुट रोधसुद्धा बदलला! ज्याने हे एकदा कागदावर करून पाहिले त्याला फीडबॅक कळला असे मी समजतो. सूत्र पाठ असणाऱ्याला कळला असे समजत नाही.

तेव्हा इनपुटला एकसर जोडणी केव्हा लाभते? सिग्नल देणाऱ्याचा रोध लहान असेल तेव्हा. मोठा असेल तर इनपुट रोध वाढल्याचा लाभ मिळतो, पण बाकीचे लाभ पातळ होतात.

समांतर जोडणीत हे सारे आरशातल्याप्रमाणे उलटते. आता ॲम्प्लिफायर तोच, पण सिग्नल उलटविणारा घ्या, आणि आउटपुटपासून इनपुटपर्यंत सरळ एक १०० किलोओहमचा रोध जोडा. येथे व्होल्टेजची वजाबाकी होत नाही, प्रवाहाची होते. तोंडाशी १ मिलिव्होल्ट आला की आउटपुट उणे १ व्होल्ट होते आणि १०० किलोओहमच्या रोधावर १००१ मिलिव्होल्ट पडतात. त्यातून १० मायक्रोअँपिअर ओढला जातो. १ मिलिव्होल्टला १० मायक्रोअँपिअर म्हणजे १०० ओहम. आतल्या १० किलोओहमशी तो समांतर आला की ९९ ओहम. दहा हजारांचा शंभर झाला. येणारा प्रवाह फीडबॅकचा रोध जवळजवळ सगळाच ओढून घेतो, म्हणून तोंडाशी व्होल्टेज उठतच नाही.

अशा तोंडाचा उपयोग काय, असे विचारले जाते. उपयोग तेथे होतो जेथे सिग्नल हा मुळात प्रवाह असतो. चित्रपटाच्या फितीवरील ध्वनिपट्टी वाचणारा प्रकाशविद्युत घट प्रकाशाच्या प्रमाणात प्रवाह देतो. त्याच्या अंगचे आणि तारेचे धारित्र उंच स्वर गिळते, पण गिळण्यासाठी तोंडाशी व्होल्टेज चढ-उतार व्हावे लागते. ते शंभर ओहमने दाबून धरले की धारित्राला करण्यासारखे काही उरत नाही.

येथे देणाऱ्याचा रोध मोठाच हवा. ५० किलोओहमचा असेल तर या जोडणीत गुणक सुमारे ७८ येतो आणि बँडविड्थ १५६ किलोहर्ट्झ, पण माइकपासून आउटपुटपर्यंतचे वर्धन केवळ २ उरते. ६०० ओहमचा असेल तर वर्धन १४१ मिळते, पण गुणक ६.६ आणि बँडविड्थ १३ किलोहर्ट्झ. कारण उघड आहे. लहान रोधाचा स्रोत तोंडाशी समांतर बसला की फीडबॅकचा प्रवाह ॲम्प्लिफायरकडे न जाता त्याच्यातूनच निघून जातो. शून्य रोधाचा स्रोत थेट लावला तर फीडबॅक असून नसल्यासारखा होतो. म्हणूनच अशा जोडणीत स्रोताच्या पुढे एक रोध मुद्दाम घालतात. प्रयोगशाळेत विद्यार्थी तो विसरले की वर्धन भलतेच वाढते, आउटपुट ताणले जाऊन लहरींची शेंडी कापली जाते, आणि दोष चिपवर ढकलला जातो.

आउटपुटला एकसर जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. तेथे भाराच्या वाटेत एक छोटा रोध घालून प्रवाह मोजतात व तो मागे आणतात. फीडबॅक आता प्रवाह टिकवू पाहतो, म्हणून आउटपुट रोध वाढतो. ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधील रोधाला समांतर असलेला कंडेन्सर काढून टाकला की हीच जोडणी आपोआप होते. वर्धन घटते, इनपुट रोध वाढतो, आणि हे कोणत्याही शाळेत दहा मिनिटांत करून दाखविता येते.

आता मर्यादा. फीडबॅक फक्त फेऱ्याच्या आतले दुरुस्त करतो. समजा मोठ्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध फीडबॅकने ४ ओहमवरून ०.२ ओहमवर आणला, आणि मग ८ ओहमचा स्पीकर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, २० मीटरवर, १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडला. जाऊन-येऊन ४० मीटर तार, रोध सुमारे ०.७ ओहम. स्पीकरला ०.९ ओहम दिसतो. पेटीत कितीही फीडबॅक ओतला तरी हे ०.७ हलणार नाहीत, कारण तार फेऱ्याच्या बाहेर आहे. येथे जाड तारच घ्यावी लागते.

दुसरी मर्यादा अशी की फेऱ्याचे वर्धन सर्व स्वरांना सारखे नसते. आपल्या पहिल्या ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध खालच्या स्वरांना २०० किलोओहम आहे, पण २० किलोहर्ट्झला तो सुमारे २२ किलोओहमच उरतो. जेथे आतले वर्धन संपले तेथे फीडबॅकची उधारीही संपली.

तिसरी मर्यादा धोक्याची आहे. आत दोन-तीन टप्पे असतील तर प्रत्येक टप्पा उंच स्वराला थोडा थोडा उशीर लावतो. उशीर अर्ध्या लहरीइतका झाला की वजाबाकीची बेरीज होते. त्या स्वराला फेऱ्याचे वर्धन अजून १ किंवा अधिक असेल तर आपला ऋण फीडबॅक धन होऊन बसतो, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच वाजू लागतो. हा स्वर पुष्कळदा कानाच्या पलीकडचा असतो. ओळखावे ते असे : माइक काढलेला असूनही उष्णता देणारी पट्टी तापते, आवाज घोगरा येतो, लांब तार जोडली की दोष उमटतो व काढली की जातो, आणि तारेजवळ नुसता हात नेला तरी आवाज बदलतो. ऑसिलोस्कोप असेल तर पडद्यावर लगेच दिसते. नसेल तर जवळ ठेवलेला मीडियम वेव्हचा रेडिओ खरखर करून चुगली करतो. उपाय म्हणजे फीडबॅक कमी करणे, अथवा एका टप्प्यात छोटा कंडेन्सर घालून उंच स्वरांचे वर्धन आधीच उतरविणे.

शेवटी, घरच्या घरी मोजून पाहणाऱ्यांसाठी. इनपुट रोध मोजण्यासाठी लहान रोधाचा सिग्नल जनित्र घ्या, मध्ये बदलता रोध एकसर घाला आणि आउटपुट निम्मे होईपर्यंत तो वाढवा. बदलता रोध मग इनपुट रोधाइतका झालेला असतो. आउटपुट रोधासाठी आधी भाराविना व्होल्टेज मोजा, मग ज्ञात भार लावून मोजा. आपल्या ५० किलोओहमच्या माइकने भाराविना ४०० मिलिव्होल्ट येतील, १ किलोओहमचा भार लावल्यावर २७०. गेलेले १३० भागिले उरलेले २७०, गुणिले १०००, म्हणजे सुमारे ४८० ओहम. लहान ॲम्प्लिफायरला हे निर्धोक आहे. मोठ्या शक्तीच्या ॲम्प्लिफायरवर मात्र आउटपुट निम्मे होईपर्यंत भार लावण्याचा मोह टाळावा. त्याचा आउटपुट रोध ०.२ ओहम असेल, तर तेवढ्याच ओहमचा भार म्हणजे जवळजवळ शॉर्टसर्किट, आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर मोजमाप पुरे होण्याआधीच जातात. तेथे १६ ओहम व ८ ओहम असे दोन भार लावून व्होल्टेजमधील बारीक फरक चांगल्या मीटरने मोजावा.